टाचेचा तोल: इंच मोजण्याआधी बूड बघा

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्याकडे सगळे पट्टा, वेणी, कातडं यांवर तावातावाने बोलू लागले. ते योग्यच होतं. पण टाचेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. खरं तर कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये आता अस्सल कोल्हापुरीच्या शेजारीच कोल्हापुरी पट्ट्याच्या, पण उंच टाचेच्या चपला मांडलेल्या असतात. त्या घेताना गिऱ्हाईक एकच विचारतं, "किती इंची आहे?" बारीक दिसली की ती ‘पेन्सिल हील’, जाड दिसली की ‘ब्लॉक’, एवढ्यावर वर्गवारी संपते. आणि उंच टाच म्हणजे धोका, बुटकी म्हणजे निर्धास्त, हा समज तर घरोघरी आहे.

हा समज अर्धाच खरा आहे. घोटा मुरगळेल की नाही हे ठरवण्यात उंचीइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा टाचेच्या आकाराचा असतो. आणि तो आकार दुकानात उभ्या उभ्या डोळ्यांनी ओळखता येतो.

त्यासाठी चप्पल समोरून नाही, मागून बघायची. नजरेच्या उंचीवर धरा आणि टाच वरून खाली येताना कशी निमुळती होते ते पाहा. मग बाजूने बघा, आणि शेवटी उलटी करून जमिनीला टेकणारं रबर किती मोठं आहे ते पाहा.

स्टिलेटो मागून पाहिली तर तळव्याखाली लगेचच आत ओढली जाते आणि पुढे जवळजवळ सरळ, काडीसारखी खाली उतरते. खालचं रबर साधारण एक सेंटिमीटर रुंद, कधी त्याहूनही कमी. उंची बहुधा सात-आठ सेंमीच्या पुढे. एवढी बारीक काडी माणसाचं वजन पेलते, कारण तिच्या पोटात पोलादी सळई असते. लाकडात हे जमत नव्हतं. म्हणूनच ही टाच १९५० च्या दशकात, पोलादाचा आधार आत घालता येऊ लागल्यावर सर्वत्र दिसू लागली.

किटन हील म्हणजे तीच बारीक टाच, पण तीन ते पाच सेंमी उंचीची. बाजूने पाहिलं की तिची मागची कड किंचित आत वळलेली दिसते आणि टोक चपलेच्या मागच्या काठापेक्षा थोडं पुढे टेकतं.

ब्लॉक ओळखायला सोपी. वर जेवढी रुंद, जवळजवळ तेवढीच खाली. उलटी केली की बूड चौकोनी, गोल किंवा अर्धगोल दिसतं. आपली पारंपरिक कोल्हापुरी चप्पल पाहा: कातड्याचे थर एकावर एक बसवून केलेली बुटकी, सरळ कडांची टाच. आकाराच्या हिशोबात ती ब्लॉकच आहे.

कोन हीलमध्ये लोक सर्वांत जास्त फसतात, कारण वरून ती ब्लॉकसारखी भरदार दिसते. पण मागून पाहिलं की दोन्ही कडा सरळ रेषेत एकमेकींकडे येतात, आइस्क्रीमच्या कोनासारख्या. स्टिलेटो एकदम बारीक होते, कोन सावकाश होते. पायऱ्यांवरून उतरणाऱ्या बाईची टाच ओळखायची असेल तर एवढा फरक पुरेसा आहे.

वेज बाजूने बघायची. टाच आणि पंजा यांच्यामध्ये कमानीखाली जी मोकळी जागा असते, ती इथे नसते. पलीकडचा उजेड दिसत नाही. इटलीत १९३० च्या दशकात आर्थिक निर्बंधांमुळे चपलेच्या तळात घालायला चांगलं पोलाद मिळेनासं झालं, तेव्हा साल्वातोरे फेरागामो यांनी ती मोकळी जागा कॉर्कने भरून काढली. तिथून वेज लोकप्रिय झाली. एक टाच पोलाद मिळालं म्हणून आली, दुसरी मिळालं नाही म्हणून.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. इथे थोडा गुणाकार-भागाकार आहे, पण सातवीच्या पलीकडचा नाही.

लग्नाच्या हॉलबाहेरचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. टाचेच्या आतल्या कडेखाली, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, दोन मिलिमीटरचा खडा आला. बाहेरची कड जमिनीवर, आतली कड खड्यावर. टाच बाहेरच्या बाजूला कलणार. किती कलणार? टाचेचं बूड जितकं अरुंद, तितका कल जास्त. एक सेंमी रुंद बुडाखाली दोन मिलिमीटरचा खडा म्हणजे पाचास एक असा उतार. पाच सेंमी रुंद बुडाखाली तोच खडा आला तर उतार पंचवीसास एक.

टाच कलली की तिचा वरचा भाग, ज्यावर आपलं टाचेचं हाड बसलेलं असतं, बाजूला सरकतो. किती सरकतो हे उंचीवर अवलंबून. नऊ सेंमीची स्टिलेटो पाचास एक कलली, म्हणजे वरचा भाग नऊ भागिले पाच, सुमारे १.८ सेंमी बाहेर गेला.

आता कळीचा प्रश्न. वजन वरून सरळ खाली येतं. ते बुडाच्या आत पडतंय तोवर टाच उभी राहते. बुडाच्या कडेबाहेर पडलं की तेच वजन टाचेला आणखी उलथवू लागतं. मधोमध उभ्या असलेल्या टाचेला बाजूला सरकायची मोकळीक बुडाच्या रुंदीच्या निम्मी. स्टिलेटोला ती मोकळीक फक्त अर्धा सेंमी, आणि सरकणं १.८ सेंमी. हिशोब संपला. पाय बाहेर वळला.

ब्लॉकचं बघा. उंची तीच, नऊ सेंमी, बूड पाच सेंमी रुंद. तोच खडा. सरकणं नऊ भागिले पंचवीस, म्हणजे ०.३६ सेंमी. मोकळीक अडीच सेंमी. बाईला खडा जाणवणारही नाही कदाचित.

खरी गंमत पुढे आहे. चार सेंमीची किटन घ्या, बूड एक सेंमीचं. सरकणं ०.८ सेंमी, मोकळीक अर्धा सेंमी. उलथली! आणि सात सेंमी उंच कोन घ्या, बूड दोन सेंमीचं. उतार दहास एक, सरकणं ०.७, मोकळीक एक सेंमी. टिकली! म्हणजे जवळजवळ दुप्पट उंचीची कोन जिथे तरली, तिथे बुटकी किटन कलंडली.

याचं कारण असं, की रुंदी दोनदा कामाला येते. बूड अरुंद असलं की टाच जास्त कलते, आणि तेवढं कलणं सोसायची मोकळीकही कमी होते. त्यामुळे हिशोबात रुंदीचा वर्ग येतो, उंची मात्र एकदाच. सूत्र मांडायचं तर: रुंदी गुणिले रुंदी ही संख्या २ गुणिले उंची गुणिले खड्याची जाडी यापेक्षा मोठी हवी. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. स्टिलेटोला १ विरुद्ध ३.६, किटनला १ विरुद्ध १.६, कोनला ४ विरुद्ध २.८, ब्लॉकला २५ विरुद्ध ३.६. उंची निम्मी केली तर फायदा दुप्पट, रुंदी दुप्पट केली तर फायदा चौपट.

हा हिशोब फक्त टाचेचा आहे. प्रत्यक्षात पंजाही जमिनीवर असतो, पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू घोट्याला वेळेवर खेचून धरतात, आणि म्हणूनच दर खड्याला कुणी पडत नाही. पण पाऊल टाकताना पहिल्या क्षणी फक्त टाच टेकलेली असते. त्या क्षणी हा हिशोब पुष्कळ खरा असतो.

लग्नात नटूनथटून गेलेल्या मुलीचा पाय मुरगळला की कुणीतरी म्हणतंच, "दृष्ट लागली." मग मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात. ओवाळायच्या आधी तिची चप्पल उलटी करून बघा. बहुतेक माणसांची टाच मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यावर आधी टेकते, त्यामुळे रबर तिथे आधी झिजतं. बाहेरची कड एक मिलिमीटर झिजली तरी ती आतल्या कडेखाली कायमचा एक मिलिमीटरचा खडा ठेवल्यासारखीच आहे. नऊ सेंमीच्या स्टिलेटोत वरचा भाग ०.९ सेंमी सरकतो, मोकळीक अर्धा सेंमी. सपाट फरशीवरसुद्धा ती मुलगी सतत स्नायूंच्या जोरावर उभी असते. ब्लॉकमध्ये एवढ्याच झिजेने ०.२ सेंमीसुद्धा सरकत नाही. आत मऊ गादी घालून ‘कम्फर्ट हील’ असं लेबल लावल्यानेही यात काही बदल होत नाही. गादी टाचेला मऊ लागते, पण बुडाची रुंदी वाढवत नाही.

मग उंचीला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती वेगळ्या जागी मोजावी लागते. टाच वर गेली की पाऊल पुढे झुकतं. घोट्यात पायाच्या दोन हाडांच्या खोबणीत जे हाड बसतं, ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल पुढे झुकलं की खोबणीत त्याचा अरुंद भाग येतो आणि सांधा सैल होतो. शिवाय उतारामुळे वजन पंजावर जातं. नऊ सेंमीची ब्लॉक आणि नऊ सेंमीची स्टिलेटो बोटांच्या मुळाशी जवळपास सारखाच भार टाकतात. तिथे रुंद बूड उपयोगाचं नाही. पंजाखालीही जाड तळ असेल तर मात्र उतार कमी होतो.

वेजला खड्यांचं भय सर्वांत कमी, पण जाड वेज पंजापाशी वाकत नाही. चालताना पाऊल दुमडण्याऐवजी लाकडी फळीसारखं पुढे लोटावं लागतं आणि पायऱ्या उतरताना अडखळायला होतं. घेताना पुढचा भाग हाताने वाकवून बघावा.

जुन्या चपलांसाठी तपासणी सोपी आहे. चप्पल टेबलावर ठेवून मागून बघा. टाच काटकोनात उभी दिसली पाहिजे. बाहेर झुकली असेल तर रबर झिजलंय. चालताना फरशीवर टक् टक् असा धातूचा आवाज यायला लागला तर रबर संपून आतला खिळा टेकतोय, आणि गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. बोटाने टाच मागेपुढे हलवली आणि ती डुगडुगली, तर बिघाड रबरात नसून टाच तळाला जिथे जोडली आहे त्या जोडात आहे. रबर कोपऱ्यावरचा चांभार काही मिनिटांत बदलून देतो. डुगडुगणारी टाच मात्र आधी तळाला पक्की बसवून घ्यावी लागते, नुसतं नवीन रबर लावून ती सरळ होत नाही.