क्षारयुक्त की चोपण? माती परीक्षणाचा अहवाल काय सांगतो आणि काय सांगत नाही

शेतकरी बंधू-भगिनींनो, कृष्णा-वारणेच्या काठी, वाळवा-शिरोळच्या बाजूला, उसाच्या रानात पांढरे फुटू लागले की सगळ्या दुखण्याला आपण ‘जमीन क्षारपड झाली’ असे एकच नाव देतो आणि ‘जिप्सम टाका’ असा एकच उपाय सांगतो. वास्तविक या नावाखाली दोन वेगळी दुखणी आहेत. एक क्षारयुक्त जमिनीचे आणि दुसरे चोपण जमिनीचे. पहिल्यात मातीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतात, तर दुसऱ्यात मातीच्या कणांनाच सोडियम चिकटून बसलेला असतो. दोन्हींमध्ये ऊस खुजा राहतो आणि उगवण विरळ होते. मात्र एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, काही वेळा तो नुकसानच करतो. म्हणून आज माती परीक्षणाच्या अहवालातील इतर आकडे बाजूला ठेवून, या दोन जमिनी ओळखण्यासाठी अहवाल कुठवर उपयोगी पडतो एवढेच पाहू.

जमीन आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात. त्यांतील नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सेंद्रिय कर्ब आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये खताच्या मात्रेसाठी कामाची आहेत. आपल्या प्रश्नाशी संबंध असलेले आकडे दोनच: सामू आणि विद्युत वाहकता. बहुतेक जण सामू ८.३ दिसला की ‘क्षार वाढले’ असे म्हणतात. येथेच पहिली गल्लत होते, कारण क्षार सामूवरून मोजले जात नाहीत, ते वाहकतेवरून कळतात. मातीत पाणी मिसळून त्यातून वीज किती सहज वाहते हे पाहिले जाते. विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी वाहकता जास्त. सामू मात्र माती आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी एवढेच दाखवतो.

दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच असते आणि केवळ चुनखडीमुळे सामू ८ ते ८.४ च्या आसपास स्थिरावतो. अशा रानाची वाहकता ०.४ असेल, तर ते रान क्षारयुक्त नाही आणि बहुधा चोपणही नाही. ते साधे चुनखडीयुक्त रान आहे. तेथे जिप्सम टाकून सामू खाली येत नाही. जिप्सममधून कॅल्शियम मिळते, आणि चुनखडीच्या रानात कॅल्शियमची वाण नसते. सामू ८.५ च्या पुढे जाऊन ९ कडे सरकू लागला, तर मात्र ते चुनखडीचे एकटीचे काम राहत नाही. तेथे सोडियम कार्बोनेटचा हात असण्याची शक्यता मोठी असते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये केलेली वर्गवारी आजही सर्वत्र वापरली जाते. त्यानुसार वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, मातीच्या कणांना चिकटलेला, म्हणजे विनिमययोग्य, सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी आणि सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. वाहकता ४ च्या आत, सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या पुढे असेल तर चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही मर्यादेपलीकडे असतील तर क्षारयुक्त-चोपण. यातली सोडियमची टक्केवारी हीच कसोटी आहे, आणि पत्रिकेच्या बारा घटकांत नेमकी तीच नाही.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. वर्गवारीतील ४ हा आकडा पाण्याने संपृक्त केलेल्या मातीच्या अर्काचा आहे. आपल्याकडील प्रयोगशाळा साधारणपणे एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन वाहकता मोजतात, त्यामुळे क्षार पातळ होतात आणि आकडा बराच लहान येतो. म्हणूनच त्या पद्धतीत १ च्या आतली वाहकता सर्वसाधारण समजली जाते. ४ ची मर्यादा ऐकून ‘माझी २.४ आहे, म्हणजे ठीक’ असा हिशेब करू नये. एकास अडीचच्या पद्धतीत २.४ ही पिकाला जाचक वाहकता आहे. अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल, तर ती प्रयोगशाळेला विचारावी.

आता सर्वांत फसव्या अहवालाकडे येतो. समजा, एका उसाच्या रानाचा सामू ८.२ आणि वाहकता २.४ आली. सामू ८.५ च्या आत आहे आणि वाहकता जास्त आहे, तेव्हा हे रान केवळ क्षारयुक्त असून पाणी देऊन क्षार धुऊन काढले की सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते खरेही असू शकते. परंतु क्षारयुक्त-चोपण रानाचा अहवालही अगदी असाच दिसतो. मातीच्या पाण्यात क्षार भरपूर असले की सोडियम चिकटलेले चिकणकणही एकमेकांपासून सुटत नाहीत, रान भुसभुशीत दिसते आणि सामूही फार चढत नाही. क्षार जणू सोडियमवर पांघरूण घालतात. अशा रानातले क्षार पावसाने किंवा नदीच्या गोड्या पाण्याने आधीच धुतले गेले, तर सोडियम मागे राहतो, सामू चढतो, कण विखुरतात आणि मातीतील बारीक छिद्रे बुजतात. मग पाणी आत मुरतच नाही, आणि पुढे जिप्सम टाकले तरी ते खाली न्यायला पाण्याला वाट उरत नाही. या रानात आधी जिप्सम आणि मग धुणे हाच क्रम राखावा लागतो.

हे दुखणे घरी तपासता येते, आणि ही तपासणी मला फार उपयोगाची वाटते. काचेच्या बरणीत वाळलेल्या मातीची लहान ढेकळे टाकावीत, अलगद पावसाचे किंवा बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी ओतावे आणि न हलवता एक दिवस ठेवावे. विहिरीचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षारच निकाल झाकून टाकतात. ढेकळे विरघळून पाणी गढूळ झाले आणि गढूळच राहिले, तर सोडियमचा संशय घ्यावा. पाणी नितळ राहिले तरी लगेच निश्चिंत होऊ नये. ते पाणी हळूच ओतून टाकावे, नवे डिस्टिल्ड पाणी घालावे, आणि असे दोन-तीनदा करावे. क्षार निघून गेल्यानंतर पाणी गढूळ होऊ लागले, तर पांघरुणाखाली सोडियम आहे. शेवटपर्यंत नितळ राहिले, तर रान बहुधा केवळ क्षारयुक्त आहे. रानातही हीच खूण दिसते: चोपण रानात पावसाचे पाणी गढूळ होऊन दिवसेंदिवस साचून राहते आणि वाळल्यावर कडक पापुद्रा धरतो; क्षारयुक्त रानात वरंब्यावर पांढरा थर येतो, पण डबक्यातले पाणी नितळ असते.

बरणी संशय दाखवते, मात्रा ठरवत नाही. त्यासाठी विनिमययोग्य सोडियम आणि कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे मातीचे कण सोडियम-कॅल्शियमसारखी द्रव्ये एकूण किती धरू शकतात ते, किंवा थेट जिप्समची गरज, यांची तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. वरच्याच रानाचा हिशेब करून पाहू. समजा, विनिमय क्षमता ५० आली आणि सोडियम १४ टक्के. १५ टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आहे म्हणून हे रान चोपण नाही, असे कोणी म्हणेल. पण आपल्या फुगणाऱ्या चिकण काळ्या मातीत ५ ते १० टक्के सोडियमवरच निचरा बिघडू लागतो. म्हणून तो ५ टक्क्यांवर आणण्याचे ठरवू. ५० पैकी १४ टक्के म्हणजे ७ एकक, आणि ५ टक्के म्हणजे अडीच एकक, तेव्हा साडेचार एकक सोडियम हटवायचा आहे. वरच्या १५ सेंटिमीटर थरातला एक एकक सोडियम हटवायला हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते, म्हणजे साडेचार एककांना साधारण साडेआठ टन. जिप्समची शुद्धता ८० टक्के असेल, तर ते पावणेअकरा टनांच्या आसपास जाते. एकरी सव्वाचार टनांहून थोडे अधिक. प्रत्यक्षात बहुधा निम्मी मात्रा आधी देऊन परिणाम पाहिला जातो, तरीही ती दोन टनांच्या वर आहे. दुकानातून आणलेल्या दोन पोत्यांनी पिकाला थोडे कॅल्शियम आणि गंधक मिळेल, पण चोपण जमीन सुधारणार नाही.

जिप्सम वरच्या थरात मिसळल्यावर कॅल्शियम कणांवर बसते आणि सुटलेला सोडियम, सोडियम सल्फेट होऊन, पाण्यात उतरतो. तो रानाबाहेर गेला तरच काम झाले. तेव्हा भूजल कुठे आहे, हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही माती परीक्षण अहवालात नसते. पाणी जमिनीखाली हात-दोन हातांवर असेल, तर धुतलेले क्षार उन्हाळ्यात केशाकर्षणाने पुन्हा वर चढतात. तेथे चर किंवा सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा केल्याशिवाय जिप्समचा खर्च वाया जातो. केवळ क्षारयुक्त रानात तर निचरा आणि चांगले पाणी हाच मुख्य उपाय आहे. तेथे जिप्सम म्हणजे आधीच भरपूर असलेल्या क्षारांत आणखी एकाची भर.

विहिरीच्या पाण्याचेही तसेच. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने बायकार्बोनेट जास्त असेल, तर सुधारलेले रान काही वर्षांत पुन्हा चोपण होते. त्यामुळे मातीबरोबर पाण्याचा नमुनाही पाठवावा, कारण मातीचा अहवाल पाण्याबद्दल काही बोलत नाही.

शेवटी नमुन्याविषयी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना असा जाळीचा हिशेब होता. म्हणून हाती आलेली पत्रिका आपल्याच पट्टीच्या मातीची असेलच असे नाही. क्षारपड रानासाठी नमुना स्वतः घ्यावा, आणि पांढऱ्या डागाचा नमुना चांगल्या भागाच्या नमुन्यात मिसळू नये. दोन्हींची सरासरी कोणत्याच भागाची नसते. सरीत क्षार कमी आणि वरंब्याच्या माथ्यावर जास्त साचतात, तेव्हा नमुना कुठून घेतला ते पिशवीवर लिहावे. खताच्या शिफारशीसाठी वरचा थर पुरतो, पण येथे ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे चार थर वेगवेगळे द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत क्षार वर आलेले असतात आणि पावसाळ्यानंतर ते खाली उतरतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या मे महिन्याचा अहवाल यंदाच्या ऑक्टोबरच्या अहवालाशी ताडून ‘वाहकता कमी झाली’ असे ठरवता येत नाही. सुधारणा झाली की नाही हे पाहायचे असेल, तर त्याच जागेचा, त्याच खोलीचा आणि त्याच महिन्याचा नमुना, त्याच पद्धतीने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावा.