पाव गोळी: मोठ्यांचं औषध लहानांच्या वाट्याला कसं आलं

तापाने फणफणलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला गोळी गिळता येत नाही, म्हणून ती दोन चमच्यांमध्ये दाबून कुटायची, साखरेच्या पाण्यात कालवायची आणि नाक दाबून पाजायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. हे काम आईवडिलांच्या अंगावर कधी आणि का येऊन पडलं, ते समजून घेतलं की कुठली गोळी मोडता येते आणि कुठलीला हातही लावू नये, हेही बरंचसं उलगडतं.

पूर्वी कुटायचं काम कंपाउंडरचं होतं. डॉक्टर चिठ्ठीवर मात्रा लिहायचे, कंपाउंडर खलात औषध घोटून, वजन करून कागदाच्या पुड्या बांधायचा. मूल सात किलोचं असेल तर पुडीही त्या मानाने लहान. 1843 मध्ये विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराने पूड साच्यात दाबून गोळी करण्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या शंभर वर्षांत पुडीची जागा कारखान्यातल्या गोळीने घेतली. गोळीत मात्रा पक्की असते, ती टिकते आणि स्वस्त पडते. पण ती पक्की मात्रा मोठ्या माणसाची होती. लहान मुलाची मात्रा काढण्याचं काम तराजू असलेल्या माणसाकडून तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात आलं.

मग मुलांना पातळ औषध का नाही दिलं? दिलं, आणि त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे घसादुखीवर गुणकारी औषध गोळी आणि पूड या रूपात मिळत होतं. पातळ औषधाला मागणी आहे हे पाहून मॅसेंगिल कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून बाजारात आणलं. चव, रंग, वास तपासले, विषारीपणा तपासला नाही. शंभराहून जास्त माणसं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. त्यातून 1938 चा अमेरिकी औषध कायदा आला. (हेच रसायन 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेलं, चौदा जण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.)

1962 मध्ये अमेरिकेने कायदा आणखी कडक केला. औषध गुणकारी आहे हे चाचण्यांनी सिद्ध करणं सक्तीचं झालं, पण चाचण्या मोठ्यांवरच होत राहिल्या. वेष्टनावर 'लहान मुलांसाठी अभ्यास झालेला नाही' असं छापलं की कंपनी मोकळी. हॅरी शर्की या बालरोगतज्ज्ञाने 1963 मध्ये अशा मुलांना औषधोपचारातली अनाथ मुलं म्हटलं. मला हा शब्द कठोर वाटत नाही. औषध दुकानात आहे, मूल आजारी आहे, आणि दोघांमध्ये फक्त एक चमचा आणि अंदाज आहे, अशी ती अवस्था होती आणि बऱ्याच औषधांच्या बाबतीत आजही आहे.

अंदाज कसा चुकतो, ते क्षयरोगाच्या औषधांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. मोठ्यांच्या एका गोळीत चार औषधं एकत्र असतात: रिफाम्पिसिन 150 मिलिग्रॅम, आयसोनियाझिड 75, पायराझिनामाइड 400 आणि एथॅम्ब्युटॉल 275. लहान मुलांचं शरीर आयसोनियाझिड जास्त वेगाने बाहेर टाकतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मुलांच्या मात्रा वाढवल्या. रिफाम्पिसिन किलोमागे 15, आयसोनियाझिड 10, पायराझिनामाइड 35 आणि एथॅम्ब्युटॉल 20 मिलिग्रॅम.

आता दहा किलोचं मूल घ्या. त्याला मोठ्यांची एक अख्खी गोळी कुटून दिली तर रिफाम्पिसिन किलोमागे बरोबर 15 बसतं. पण एथॅम्ब्युटॉल 27.5 होतं, म्हणजे 25 च्या वरच्या मर्यादेपलीकडे. या औषधाचा त्रास डोळ्यांना होतो, आणि 'धूसर दिसतंय' हे एवढं मूल सांगू शकत नाही. म्हणून पाऊण गोळी द्यावी, तर एथॅम्ब्युटॉल 20.6 वर येतं, ठीक. पण आयसोनियाझिड घसरून 5.6 होतं आणि त्याची खालची मर्यादा 7 आहे. गोळीचा कितवाही भाग करा, हा पेच सुटत नाही. गोळी मोडल्याने मात्रा बदलते, आतल्या औषधांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही, आणि मुलांना लागणारं प्रमाणच वेगळं असतं. अपुऱ्या औषधावर वाढलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

डिसेंबर 2015 मध्ये मुलांसाठी पाण्यात विरघळणारी वेगळी गोळी आली: रिफाम्पिसिन 75, आयसोनियाझिड 50, पायराझिनामाइड 150. दहा किलोच्या मुलाला अशा दोन, सोबत एथॅम्ब्युटॉलच्या 100 च्या दोन. पाण्यात घालायच्या, विरघळल्या की लगेच पाजायच्या, पेला विसळून तेही पाणी द्यायचं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही मुलांना आता वजनाप्रमाणे अशाच गोळ्या दिल्या जातात. म्हणून क्षयाच्या मुलाला मोठ्यांची गोळी मोडून द्यायला कोणी सांगितलं, तर मुलांची गोळी का नाही, हे क्षयरोग केंद्रात जरूर विचारा.

एचआयव्हीच्या औषधांत याहून वेगळा धडा मिळाला. लोपिनाविर-रिटोनाविर हे मुलांसाठी महत्त्वाचं औषध. त्याचं पातळ रूप इतकं कडू, की मुलं ओकून टाकत, आणि त्यात 42 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल. म्हणून पालक गोळी कुटून देत. ती गोळी पोटात सावकाश औषध सोडणारी नव्हती, म्हणून कुटायला हरकत नसावी असंच कोणालाही वाटलं असतं. पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात त्याच मुलांना आधी अख्खी आणि मग कुटलेली गोळी दिली, तेव्हा कुटल्यावर रक्तात पोचलेलं औषध जवळजवळ निम्म्यावर आलं. हे औषध पाण्यात विरघळत नाही. कारखान्यात ते वितळवलेल्या पॉलिमरमध्ये मुरवून गोळी करतात, आणि ती रचनाच औषध अंगी लागू देते. 2015 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या बारीक दाण्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची तात्पुरती मान्यता मिळाली. ते दाणे पातळ खिमटावर भुरभुरायचे, चावायचे नाहीत. म्हणजे गोळी बाहेरून साधी दिसते, एवढ्यावर ती कुटायचा निर्णय घेता येत नाही. औषध देणाऱ्याला विचारावंच लागतं.

ज्या कुटायच्याच नाहीत याबद्दल शंका नाही, अशा गोळ्यांचा इतिहास जुना आहे. 1884 मध्ये हॅम्बुर्गचे डॉक्टर पाउल उन्ना यांनी गोळ्यांना केराटिनचा थर दिला. हेतू हा, की गोळी जठरातल्या आम्लात टिकावी आणि आतड्यात जाऊन विरघळावी. आज पित्तावरचं पॅन्टोप्राझोल किंवा फिटवरचं साधं सोडियम व्हॅल्प्रोएट अशाच थराखाली येतं. कुटलं की थर गेला: पॅन्टोप्राझोल आम्लात नासून निरुपयोगी होतं, व्हॅल्प्रोएट जठराला झोंबतं. ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये प्रत्येक दाण्याला स्वतंत्र थर असतो, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर दह्यात किंवा आंबटसर फळाच्या गरात देता येतात. दाणे मात्र चिरडायचे नाहीत आणि दुधातही घालायचे नाहीत, कारण तो थर आम्लात टिकतो, दुधात सुटायला लागतो.

1952 मध्ये स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीने हळूहळू औषध सोडणाऱ्या दाण्यांची कॅप्सूल आणली आणि दिवसभराची मात्रा एकाच वेळी गिळायची सोय झाली. अशी गोळी कुटली, तर बारा किंवा चोवीस तासांचं औषध एकदम रक्तात जातं. आधी झोप, तोल जाणं, उलट्या, रक्तदाब किंवा श्वास मंदावणं, आणि नंतर पुढच्या मात्रेपर्यंत औषधच नाही. फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा दुसरा भागही तितकाच घातक. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एलए, ओडी, क्रोनो किंवा ईसी, डीआर असं काही दिसलं, की खलबत्ता बाजूला ठेवायचा. एक बारकावा आहे: कार्बामाझेपीन या फिटवरच्या औषधाच्या काही सीआर गोळ्यांवर रेघ असते आणि त्या रेघेवर अर्ध्या करता येतात, कारण आतली रचना अर्ध्यातही शाबूत राहते. पण कुटायच्या किंवा चघळायच्या नाहीत.

रेघेवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. काही रेघा दिसण्यापुरत्या असतात. युरोपीय औषधसंहितेची कसोटी अशी: तीस गोळ्या मोडून प्रत्येकीचा एकेक तुकडा तोलायचा. सरासरी वजनाच्या 85 ते 115 टक्क्यांबाहेर एकाहून जास्त तुकडे जाता कामा नयेत, आणि 75 ते 125 बाहेर एकही नाही. रेघ नसलेली गोळी सुरीने चौघांत कापून ही कसोटी पार होईल, अशी आशा ठेवू नये. दहा मिलिलिटर पाण्यात गोळी कालवून पाच मिलिलिटर देण्याची युक्तीही फक्त खरोखर विरघळणाऱ्या औषधाला चालते. पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ बसत असेल, तर वरच्या अर्ध्या पाण्यात अर्धं औषध नाही.

राहिला एक गट, ज्यात धोका कुटणाऱ्यालाच असतो. रक्ताच्या कर्करोगावर मुलांना घरी महिनोन्‌महिने मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट द्यावं लागतं. मर्कॅप्टोप्युरिनची नेहमीची गोळी 50 मिलिग्रॅमची. मुलाला दिवसाला 35 लागत असेल, तर डॉक्टर पाव-पाऊण करायला सांगत नाहीत. आठवड्याचा हिशेब मांडतात: चार दिवस अर्धी, तीन दिवस अख्खी, मिळून 250, म्हणजे रोज सरासरी 35 च्या किंचित वर. अर्धी करायची तीही रेघेवर, हातमोजे घालून, आणि घरातल्या गरोदर बाईने नाही. कुटायची तर मुळीच नाही, कारण उडालेली पूड श्वासात आणि ओट्यावरच्या पिठात जाते. मूल अर्धी गोळीही गिळत नसेल, तर उपचार करणाऱ्या रुग्णालयाला विचारायचं. तिथे गोळी तोंडातून औषध द्यायच्या सिरिंजमध्ये टाकून, पाणी ओढून, बंद सिरिंजमध्येच विरघळवायला शिकवतात. नंतर ओटा ओल्या फडक्याने पुसायचा, ते फडकं टाकून द्यायचं आणि हात साबणाने धुवायचे.