क्रियापद शेजाऱ्याचं ऐकत नाही

"'रूम्स' अनेकवचन आहे, मग 'वन ऑफ द रूम्स आर रेडी' असंच ना?"

नाही. कळंगुटला हॉटेलाचं बुकिंग सांभाळताना पाहुण्यांना जाणाऱ्या ईमेलांत मला ही चूक सारखी दिसते, कारण 'आर'ला खेटून 'रूम्स' बसलेलं असतं. पण तयार आहे ती एकच खोली; कर्ता 'वन'. 'ऑफ द रूम्स' बोटाने झाकून वाचा: 'वन इज रेडी'. मराठीतही आपण 'खोल्यांपैकी एक तयार आहेत' म्हणत नाही. 'ईच ऑफ', 'आयदर ऑफ' यांचंही तेच.

खरी मेख पुढे आहे. 'वन ऑफ द रूम्स दॅट फेस द सी इज रेडी' यात 'फेस'चं एकवचनी 'फेसेस' करू नका. समुद्राकडे तोंड सगळ्याच खोल्यांचं आहे, तयार मात्र एक. बोलताना 'नायदर ऑफ देम आर' खपतं. ईमेलात मी 'इज'च लिहितो.