हिमनग पाण्यावर किती दिसतो आणि तरंगणारा बर्फ वितळला तरी पाणी का चढत नाही

समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगाचा साधारण दहावा हिस्सा पाण्याच्या वर असतो, बाकीचे नऊ हिस्से खाली. "हिमनगाचं टोक" हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो तो इथूनच आलाय. आणि हाच बर्फ पूर्ण वितळला तरी समुद्राची पातळी जवळपास होती तिथेच राहते. या दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटतात, पण दोन्हींच्या मागे एकच हिशोब आहे, आणि तो घरातल्या ग्लासात पूर्ण मांडता येतो, म्हणून आधी ग्लासच घेऊया.

समजा फ्रिजमधला १०० ग्रॅम बर्फ तुम्ही साध्या पाण्याच्या ग्लासात टाकला. बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी, एका मिलिलिटरला साधारण ०.९१७ ग्रॅम, म्हणजे या १०० ग्रॅमचं आकारमान भरतं १०९ मिली. आता आर्किमिडीजचा नियम सांगतो की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, जास्त नाही आणि कमीही नाही. १०० ग्रॅम पाणी म्हणजे १०० मिली. तर बर्फाचा १०० मिली भाग पाण्यात बुडतो आणि ९ मिली वर राहतो. १०९ पैकी ९ म्हणजे ८ टक्क्यांपेक्षा थोडं जास्त, गोड्या पाण्यात बर्फ इतकाच वर दिसतो, बारावा हिस्सा धरा.

आता तो वितळू द्या. १०० ग्रॅम बर्फाचं १०० ग्रॅम पाणी झालं, म्हणजे १०० मिली. बर्फाने पाण्यात जेवढी जागा अडवली होती तीही १०० मिलीच होती, त्यामुळे नवीन पाणी बरोब्बर त्याच जागेत बसतं आणि पातळी हलत नाही. मग वर दिसणाऱ्या त्या ९ मिलीचं काय झालं, असं प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवं, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ते ९ मिली म्हणजे जास्तीचं पाणी नव्हतंच कधी. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, स्फटिकात रेणू ठराविक अंतर ठेवून बसतात आणि मध्ये मोकळी जागा राहते, म्हणून तर काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये फुटते. वितळताना ही मोकळी जागा मिटते आणि बर्फ परत १०० मिली होतो. पाण्याच्या वर जे डोकावत होतं ते फक्त फुगणं होतं.

समुद्रात आकडे थोडे बदलतात कारण खारं पाणी जड असतं, एका लिटरला साधारण १०२५ ग्रॅम. जड पाणी कमी सारलं तरी वजन भरून निघतं, त्यामुळे बर्फ जरा जास्त वर येतो, ८ टक्क्यांच्या ऐवजी साडेदहा टक्के. "एक दशांश" हा आकडा इथून येतो. पण हा शुद्ध, घट्ट बर्फाचा आकडा आहे. खरे हिमनग हे हिमनद्यांचे किंवा हिमफळ्यांचे तुटलेले तुकडे असतात (हिमफळी म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगत पसरलेला जाड बर्फ), त्यात हवेचे बुडबुडे असतात, आणि अंटार्क्टिकाच्या सपाट हिमनगांवर तर वरचे कित्येक मीटर अजून पूर्ण न दबलेल्या जुन्या बर्फाचे असतात, त्यामुळे सरासरी घनता उतरते आणि वर दिसणारा भाग १२–१३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दहावा हिस्सा हा आकारमानाचा आहे, उंचीचा नाही. टेबलासारख्या सपाट हिमनगाला दोन्ही सारखंच पडतं, पण शंकूसारखा, वर निमुळता आणि खाली रुंद असा हिमनग घ्या. शंकूच्या टोकाकडची अर्धी उंची कापली तर त्यात आकारमान किती येतं? फक्त आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के. आपल्याला साडेदहाच टक्के वर हवेत, तर कापायची रेषा अर्ध्याच्या किंचित वर जाते आणि उंचीच्या जवळपास ४७ टक्के भाग पाण्यावर येतो! शंभर मीटर उंचीचा असा हिमनग सत्तेचाळीस मीटर वर आणि त्रेपन्न मीटर खाली असेल. म्हणून जहाजावरून नुसती उंची बघून "याच्या नऊपट खाली असणार" असं म्हणणं चुकीचं ठरतं.

पोस्टरवर दिसतो तो उभा, खाली लांबलचक सुळका असलेला हिमनगही असाच खटकतो. इतकं उंच आणि अरुंद काही पाण्यात उभं राहत नाही, ते आडवं पडतं, पाण्यात सोडलेला ओंडका आडवाच तरंगतो तसं. २०२१ मध्ये मेगन थॉम्पसन-मन्सन या हिमनद्यांच्या अभ्यासक संशोधिकेने ट्विटरवर हेच लिहिलं होतं, की हिमनग काढताना निदान तो जसा तरंगेल तसा काढा. खरे हिमनग वितळता वितळता तोल जाऊन उलटतातही, कारण पाण्याखालचा भाग एका बाजूने जास्त झिजतो, आणि उलटताना जवळ असणं फार धोक्याचं असतं.

आता खरं उदाहरण. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकाच्या लार्सन सी हिमफळीचा एक तुकडा सुटला, त्याला नाव मिळालं ए-६८. क्षेत्रफळ साधारण ५,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपटीहून थोडं जास्त. सरासरी जाडी २३५ मीटरच्या आसपास, म्हणजे वरच्या हिशोबाने पाण्यावर पंचवीस ते तीस मीटरची पांढरी भिंत आणि दोनशे मीटरहून जास्त खाली. वजन सांगितलं गेलं साधारण एक लाख कोटी टन. बातमी आली तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं की आता समुद्र चढणार. पण तुटायच्या आधीही हा बर्फ तरंगतच होता, स्वतःच्या वजनाइतकं पाणी त्याने कधीच सारून झालेलं होतं. तुटल्यामुळे तरंगणाऱ्या बर्फाचा एक मोठा तुकडा झाला इतकंच, पातळीवर काही फरक नाही. नंतर त्याचा मुख्य भाग उत्तरेला सरकत २०२० च्या शेवटी साऊथ जॉर्जिया बेटाजवळ पोचला आणि तुकडे होत होत २०२१ च्या एप्रिलपर्यंत संपला.

पण "काहीच फरक नाही" हे अगदी काटेकोर बोलायचं तर खरं नाही, आणि हा बारकावा मला सगळ्यात आवडतो. ग्लासात बर्फही गोडा आणि पाणीही गोडं होतं. समुद्रात बर्फ गोडा आणि पाणी खारं. एक लाख कोटी टन बर्फ सारतो तेवढ्याच वजनाचं खारं पाणी, ते जड असल्यामुळे भरतं साधारण ९७५ घन किलोमीटर. वितळल्यावर मात्र गोडं पाणी मिळतं १,००० घन किलोमीटर. वरचे २५ कुठेतरी बसायला हवेत ना, ते पातळी वाढवतात. जगातल्या समुद्रांचं क्षेत्रफळ साधारण ३६ कोटी चौरस किलोमीटर, त्यावर २५ घन किलोमीटर पसरले की ०.०७ मिलिमीटर, साधारण एका केसाची जाडी. तेवढाच बर्फ जमिनीवरून समुद्रात आला असता तर पातळी २.८ मिलिमीटर चढली असती, चाळीसपट. म्हणजे तरंगणाऱ्या बर्फाचा परिणाम शून्य नाही, पण जमिनीवरच्या बर्फापुढे अगदी थोडा.

हा फरक घरी डोळ्यांनी बघता येतो. १०० मिली पाण्याला ३५ ग्रॅम मीठ या प्रमाणात ढवळून विरघळवा, हे पाणी समुद्रापेक्षा खूप जड होतं, लिटरला जवळपास १,२०० ग्रॅम. त्यात १०० ग्रॅम बर्फ टाकला तर तो फक्त ८३ मिली पाणी सारतो, चौथा हिस्सा वर दिसतो, आणि वितळल्यावर १०० मिली होतो. सात सेंटीमीटर व्यासाच्या सरळ ग्लासात पातळी चारएक मिलिमीटर चढते, मार्करची खूण केली असेल तर स्पष्ट कळतं. शेजारी साध्या पाण्याचा ग्लास ठेवा, तिथे खूण आणि पाणी जुळून राहील. गंमत म्हणजे खाऱ्या ग्लासातला बर्फ सहसा उशिरा वितळतो, कारण वितळलेलं थंड गोडं पाणी हलकं असल्याने बर्फाभोवती वरतीच थर करून बसतं आणि खालच्या कोमट पाण्याला बर्फापर्यंत पोचू देत नाही.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, पाणी कमी असतं आणि बर्फ तळाला टेकलेला असतो. मग त्याच्या वजनाचा काही भाग ग्लासाचा तळ उचलतो, बर्फ स्वतःच्या वजनापेक्षा कमी पाणी सारतो, आणि वितळल्यावर पातळी वाढते. लोक म्हणतात नियम चुकला, पण नियम तरंगणाऱ्या बर्फाचा आहे, टेकलेल्या नाही. बर्फाच्या खड्यात छोटा दगड गोठवून ठेवला आणि तो खडा तरंगला, तर उलटंच होतं, पातळी उतरते. दगड तरंगत असताना आपल्या वजनाइतकं पाणी सारत होता, तळाला गेल्यावर फक्त आकारमानाइतकं सारतो, आणि दगड जड असल्याने ते कमी भरतं. हवेचा बुडबुडा असेल तर काहीच बदलत नाही, कारण हवेचं वजन नगण्य.

तळाला टेकलेला तो बर्फ म्हणजेच खऱ्या जगातली काळजीची गोष्ट. ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटरहून जास्त चढेल, अंटार्क्टिकाचा धरला तर आणखी पन्नासच्या वर, कारण तो बर्फ आज खडकावर बसलेला आहे, समुद्राचं पाणी सारत नाहीये. पश्चिम अंटार्क्टिकात तर खडकच समुद्रसपाटीच्या बराच खाली आहे, तिथे बर्फाचा जेवढा भाग तरंगायला लागणाऱ्या उंचीपेक्षा वर रचलेला आहे साधारण तेवढाच पातळीत भर घालतो. आणि तरंगणारी हिमफळी स्वतः पाणी चढवत नसली तरी मागच्या हिमनद्यांना अडवून धरते, दाराला आतून लावलेल्या अडसरासारखी. २००२ च्या सुरुवातीला लार्सन बी हिमफळीचा ३,२५० चौरस किलोमीटर भाग काही आठवड्यांत कोसळला. तो आधीच तरंगत होता, त्यामुळे समुद्र लगेच चढला नाही, पण त्याच्या मागच्या हिमनद्या नंतर कितीतरी पट वेगाने समुद्रात सरकायला लागल्या, आणि तो बर्फ जमिनीवरचा होता.