तीनशेतेराचा जबाब: झुंजीच्या खटल्यात न्यायाधीश आरोपीला प्रश्न का विचारतात?

पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात फौजदारी खटला चालू असताना न्यायाधीश सहसा ऐकण्याचेच काम करतात. सरकारी वकील सरतपास घेतात, बचावाचे वकील उलटतपास घेतात, आणि आरोपी मागे आरोपीच्या पिंजऱ्यात गप्प उभा असतो. सरकार पक्षाने पुरावा संपल्याची पुरशीस दिली की मात्र चित्र बदलते. न्यायाधीश स्वतः आरोपीला समोर बोलावतात आणि एकेक प्रश्न विचारू लागतात. ‘साक्षीदार क्रमांक 2 म्हणतो, त्याने तुम्हाला रात्री जिन्यावर पाहिले. याबद्दल काय म्हणणे आहे?’ ‘खोटे आहे.’ ‘साक्षीदार तुमच्याविरुद्ध साक्ष का देतात?’ ‘माहीत नाही.’ शपथ नाही, उलटतपास नाही. जुन्या फौजदारी संहितेतल्या कलम 313 वरून वकिलांच्या तोंडी याचे नाव अजूनही ‘तीनशेतेराचा जबाब’ असेच आहे. नव्या संहितेत तो कलम 351 मध्ये गेला, तरी सवय सुटलेली नाही.

आपली पद्धत अ‍ॅडव्हर्सरियल, म्हणजे दोन पक्षांच्या झुंजीची. फ्रान्स, जर्मनी आणि पूर्वीच्या इटलीची इन्क्विझिटोरियल, म्हणजे न्यायाधीशाने स्वतः चौकशी करण्याची. मग आपल्या खटल्यात न्यायाधीशाच्या तोंडी हे प्रश्न कुठून आले? आणि 2003 साली एका समितीने नेमक्या याच जागी हात का घातला? या दोन पद्धतींतला फरक समजून घ्यायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.

दोन्ही वाटा साधारण 1215 नंतर वेगळ्या झाल्या. त्या वर्षी रोमच्या चर्च परिषदेने पाद्र्यांना दिव्य करवून घेण्याच्या विधीत भाग घ्यायला मनाई केली, आणि तापलेले लोखंड हातात धरून खरेखोटे ठरवण्याची युरोपातली पद्धत मोडीत निघू लागली. दिव्य आपल्याकडेही होते. पेशवाईत वादी-प्रतिवादी पंचांचा निवाडा मान्य असल्याचा राजीनामा आणि जामीन देत, आपापला करीना, म्हणजे हकीकत, लिहून देत, आणि कुठेच उलगडा झाला नाही तर उकळत्या तेलातून धातूचा रवा काढण्यापर्यंत वेळ येई. युरोपात दिव्याच्या रिकाम्या जागी इंग्लंडने ज्युरी बसवली. खंडातल्या देशांनी शिकलेला, पगारी न्यायाधीश बसवला. तो साक्षीदारांना एकेकटे बोलावून विचारी आणि सगळे लिहून ठेवी. ही लेखी फाईल हाच तिथला पुरावा झाला. मोठ्या गुन्ह्यासाठी दोन प्रत्यक्ष साक्षीदार किंवा कबुली हवी असा कडक नियम होता, आणि कबुली मिळवण्यासाठी छळाला कायदेशीर परवानगी मिळाली ती याच नियमापायी.

फ्रान्सच्या 1808 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने या जुन्या चौकशीला आधुनिक रूप दिले. तपास न्यायाधीशाने करायचा, आरोपीच्या विरुद्धचा पुरावा आणि त्याच्या बाजूचाही. सुनावणी मात्र दुसऱ्याच न्यायाधीशांपुढे आणि उघड. फ्रान्समध्ये हा तपासी न्यायाधीश आजही आहे, पण गंभीर गुन्हे आणि गुंतागुंतीची मोजकी प्रकरणेच त्याच्याकडे जातात, बाकीची पोलीस आणि सरकारी वकील उरकतात. जर्मनीने हे पदच 1975 साली काढून टाकले.

इंग्लंडचा कॉमन लॉ आणि युरोप खंडाचा सिव्हिल लॉ यांतला फरक बराचसा याच धाग्याने लागतो, तरी दोन जोड्यांची सरमिसळ करू नये. सिव्हिल लॉमध्ये कायद्याचा मूळ स्रोत संहिता असते, आणि फ्रेंच नागरी संहितेचे कलम 5 न्यायाधीशांना सर्वसाधारण नियम घालून द्यायला मनाई करते. कॉमन लॉमध्ये वरच्या कोर्टाचा निवाडा हाच पुढच्यांना नियम असतो. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 ने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्या कोर्टांवर बंधनकारक केला आहे. पण संहिता आपल्याकडेही आहेत, इंग्लंडपेक्षा जास्तच. आणि शेजारच्या गोव्यात लग्न-वारसाचे कायदे आजही 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या पठडीतले आहेत, त्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाखाली. एकाच न्यायव्यवस्थेत दोन्ही घराणी नांदू शकतात. प्रक्रियेतला खरा भेद फाईल कोणाच्या हातात आहे आणि प्रश्न कोण विचारतो, यात आहे.

इंग्लंडमध्ये प्रश्न विचारण्याचा हक्क हळूहळू वकिलांकडे गेला. अठराव्या शतकापर्यंत गंभीर गुन्ह्यातला आरोपी स्वतःच बोलायचा, कारण त्याच्या वतीने ज्युरीपुढे युक्तिवाद करायची वकिलाला मुभा नव्हती. ती 1836 साली मिळाली. वकील बोलू लागला आणि आरोपी गप्प झाला. शपथेवर साक्ष देण्याचा हक्क त्याला सर्व गुन्ह्यांत मिळाला तो थेट 1898 साली.

योगायोग असा, की त्याच 1898 ची हिंदुस्थानातली फौजदारी संहिता वेगळ्याच वाटेने गेली. तिच्या कलम 342 ने न्यायाधीशालाच सांगितले, की पुरावा संपल्यावर आरोपीला विचार, पण शपथ देऊ नकोस. वकील नसलेला, इंग्रजी न समजणारा आरोपी डोळ्यांसमोर ठेवला तर ही सोय उघडच कामाची होती. आपल्याविरुद्ध काय सांगितले गेले, ते त्याला निदान एकदा त्याच्या भाषेत कळावे. 1955 साली आरोपीला, त्याची इच्छा असेल तरच, शपथेवर साक्ष देण्याची मुभा मिळाली. 1973 च्या संहितेत या तरतुदी 313 आणि 315 झाल्या. उत्तर दिले नाही किंवा खोटे दिले, तरी शिक्षा नाही. दिलेले उत्तर मात्र विचारात घेता येते.

यातून उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालयाने एक नियम घट्ट केला: जी परिस्थिती आरोपीला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सगळ्या गोष्टी एका लांब प्रश्नात गुंफून ‘यावर काय म्हणता’ असे विचारणे पुरेसे नाही. प्रत्येक मुद्दा सुटा हवा. पुणेकरांना यातला सगळ्यात परिचित निकाल 1984 चा. इथल्या एका तरुण विवाहितेचा 1982 साली सायनाइडने मृत्यू झाला, पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी तो निकाल कॉलेजात शिकवला जातो, पण जबाबात न विचारलेल्या मुद्द्यांना पूर्णपणे वगळा, हेही त्यातच ठाशीव सांगितले आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका काल्पनिक खटल्यात पाहू. कोथरूडमध्ये घरफोडी होते, पाटल्या जातात. आठ दिवसांनी आरोपीच्या सांगण्यावरून पोलीस त्याच्या खोलीतून त्या काढतात. चोरीनंतर लगेच चोरीचा माल कोणाकडे सापडला आणि त्याने समाधानकारक खुलासा केला नाही, तर तोच चोर किंवा माल चोरीचा आहे हे जाणून घेणारा, असे कोर्ट गृहीत धरू शकते. इथे सगळा जोर खुलाशावर आहे. आरोपी जबाबात म्हणाला, ‘पाटल्या माझ्या बहिणीच्या आहेत,’ आणि पावती दिली, तर खटला फिरतो. नुसते ‘खोटे आहे’ म्हणाला, तर गृहीतक उभे राहते. पण न्यायाधीशांनी जप्तीचा प्रश्नच विचारला नसेल, तर त्या जप्तीवर शिक्षा ठेवणे अवघड होते. अर्थात, चूक झाली म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही. नुकसान झाल्याचे त्याला दाखवावे लागते, आणि अपील कोर्ट राहिलेला प्रश्न पुन्हा विचारायला लावू शकते. मुद्दा राहून गेला का, हे ओळखायची खूण साधी आहे: निकालपत्रात ज्या ज्या गोष्टीवर दोष ठेवला, तिच्यासमोर जबाबातल्या प्रश्नाचा क्रमांक लिहीत जायचे. जिथे क्रमांक सापडत नाही, तिथे अपिलाचा मुद्दा असतो.

आता वादाचा मुद्दा. केंद्रीय गृहमंत्रालयाने 2000 साली नेमलेल्या समितीने 2003 मध्ये अहवाल दिला. न्यायाधीशाने पंचासारखे बसू नये, सत्य शोधणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी युरोपीय चौकशीतली चांगली तत्त्वे घ्यावीत, असे तिने सुचवले. त्यातच अशी शिफारस होती, की आरोपीने उत्तर टाळले तर कोर्टाला त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता यावा. समितीला इंग्लंडचाही दाखला होता. गप्प राहण्यावरून काही परिस्थितीत निष्कर्ष काढायची मुभा तिथे 1994 च्या कायद्याने दिली आहे.

समितीची तक्रार खोटी नव्हती. फितूर साक्षीदार आणि ढिला तपास शिवाजीनगरात रोज दिसतो. पण तिने युरोपातून घेताना प्रश्न घेतला आणि फाईल तिथेच ठेवली, असे मला वाटते. फ्रान्समध्ये आरोपीला सुनावणीच्या आरंभीच विचारतात हे खरे, पण तोवर त्याच्या वकिलाने पूर्ण फाईल वाचलेली असते. अमुक साक्षीदार तपासा, तमुक तज्ज्ञ नेमा, अशी मागणी तो तपासी न्यायाधीशाकडे करू शकतो. आपल्याकडे तपास पोलिसांचा. साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर त्याची सही घेत नाहीत, आणि तो कोर्टात जवळजवळ विसंगती दाखवण्यापुरताच चालतो. केस डायरी न्यायाधीशाला पाहता येते, पण पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि आरोपीला तर ती मागताही येत नाही. पोलिसांच्या कागदावर विश्वास नाही, म्हणून ही सगळी कुंपणे घातली आहेत. ती तशीच ठेवून फक्त आरोपीच्या मौनाला किंमत लावली, तर भार एकाच बाजूवर पडतो. अनुच्छेद 20(3) चे, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीला मनाईचे, काय होते हा प्रश्न त्यानंतरचा.

उलट दिशेने निघालेल्या इटलीचा अनुभव इथे उपयोगी आहे. 1989 मध्ये लागू झालेल्या संहितेने तिथे झुंजीची पद्धत आणली, आणि त्यासाठी फाईलच दुभंगली: एक सरकारी वकिलाची, दुसरी जवळजवळ कोरी, सुनावणीच्या न्यायाधीशासाठी. 1992 साली घटनात्मक न्यायालयाने तपासातले जुने जबाब पुन्हा आत येण्याचा रस्ता मोकळा केला. शेवटी 1999 मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करून, पुरावा दोन्ही पक्षांसमोर तयार झाला पाहिजे, असे लिहावे लागले. एक कागद कोणाच्या टेबलावर, यावरून दहा वर्षे भांडण झाले.

आपल्याकडे मौनाविषयीची शिफारस कायद्यात आली नाही. आली ती वेगळीच सोय, 2009 मध्ये. प्रश्न तयार करायला न्यायाधीश सरकारी वकील आणि बचावाचे वकील दोघांची मदत घेऊ शकतात, आणि आरोपीला लेखी म्हणणे देता येते. कामाच्या रेट्यात प्रश्नावलीचा कच्चा मसुदा सरकारी वकिलाकडून आला तर नवल नाही. तो बचावाच्या वकिलाने वाचलाच नाही, तर मूळ चौकशीतले प्रश्न झुंजीतल्या एका पक्षानेच लिहिलेले असतात, आणि न्यायाधीश ते वाचून दाखवतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 351 मध्ये हीच रचना कायम आहे.