व्हीपीएन कायम चालू असला की बॅटरी नेमकी कुठे जाते?

फोनवर व्हीपीएन सतत चालू ठेवला की रात्रीतून बॅटरी नेहमीपेक्षा जास्त उतरते. पहिला संशय जातो एन्क्रिप्शनवर. पण आजच्या प्रोसेसरला ते काम हलकं आहे, आणि फोन नुसता पडून असताना एन्क्रिप्ट करायला डेटा तरी कितीसा असतो? मोबाइल डेटावर खरा खर्च होतो तो रेडिओचा, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाचा. आणि त्याला झोपू देत नाहीत व्हीपीएनचीच काही चिमुकली पॅकेट्स.

फोरजीवर शेवटचं पॅकेट गेल्यानंतर रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जागा राहतो. हा अवधी नेटवर्क ठरवतं. साधारण दहा सेकंद धरायला हरकत नाही. पॅकेट ३२ बाइटचं असो वा हजार बाइटचं, त्यानंतरचं हे जागरण तेवढंच.

मग व्हीपीएन गप्प का बसत नाही? मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये बहुधा अनेक फोन एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात. कोणत्या फोनचं बोलणं कोणाशी चालू आहे, याची नोंद तिथलं नॅट नावाचं यंत्र ठेवतं. काही काळ काहीच हालचाल झाली नाही तर ती नोंद पुसली जाते, आणि व्हीपीएन सर्व्हरकडून येणारं पॅकेट फोनपर्यंत पोहोचत नाही. नोंद टिकावी म्हणून व्हीपीएन ठरावीक वेळाने एक रिकामं पॅकेट पाठवतो. यालाच कीपअलाइव्ह म्हणतात.

वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलचंच उदाहरण घेऊ. त्यात कीपअलाइव्ह मुळात बंद असतो, पण लोक सर्रास २५ सेकंद लिहून ठेवतात. आठ तासांच्या रात्रीत मग ११५२ पॅकेट्स जातात. प्रत्येकामागे दहा सेकंद म्हणजे रेडिओ ११,५२० सेकंद, तीन तासांहून अधिक जागा. जागा असताना तो सरासरी अर्धा वॅट घेतो असं धरलं (फोन आणि सिग्नलप्रमाणे हा आकडा बराच बदलतो), तर सुमारे १.६ वॅट-तास गेले. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास बॅटरी नुसत्या रिकाम्या पॅकेट्सनी खाल्ली! अंतर ११० सेकंद केलं, तर पॅकेट्स २६२ वर येतात, जागरण पाऊण तासाच्या आत आणि खर्च दोन टक्क्यांवर.

फोनवरच्या वायरगार्डच्या सेटिंगमध्ये बदलायची ओळ एवढीच:

```
[Peer]
PersistentKeepalive = 110
```

पण ११० सगळीकडे चालेलच असं नाही. वायरगार्ड ज्या यूडीपी पद्धतीने पॅकेट्स पाठवतो, तिची नॅटमधली नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नये असं आरएफसी ४७८७ हे इंटरनेटचं मानक सांगतं, तरी काही नेटवर्क ती अर्ध्या मिनिटातच पुसतात. आपलं नेटवर्क कसं आहे ते तपासता येतं. वायफाय बंद करा, फोन काही मिनिटं न हलवता पडू द्या आणि कोणाला तरी मेसेज पाठवायला सांगा. असं चार-पाच वेळा करा. मेसेज लगेच वाजले तर अंतर योग्य आहे. ते उशिरा आले, किंवा फोन हातात घेऊन काही उघडल्यावरच एकदम आले, तर बहुधा नोंद पुसली जाते आहे. मग अंतर ६० वर आणा, नाही जमलं तर ४० वर. मेसेज उशिरा आले तरी चालत असतील, तर कीपअलाइव्ह सरळ बंद ठेवा. फोन स्वतः काही पाठवेल तेव्हा वायरगार्ड आपोआप जोडून घेतो.

एक जागा हमखास नजरेतून सुटते. सर्व्हर स्वतःचा असेल तर त्याच्या फाइलमध्ये या फोनच्या नावाखाली तीच ओळ आहे का, ते बघा. असली तर सर्व्हरकडून दर २५ सेकंदांनी येणारं पॅकेट रेडिओला तसंच उठवतं, फोनवर तुम्ही काहीही लिहिलेलं असो. फोनसाठीची ती ओळ तिथून काढून टाका.

ओपनव्हीपीएनमध्ये हेच काम `keepalive 10 60` यासारखी ओळ करते. यातला पहिला आकडा पॅकेट्समधलं अंतर. दहा सेकंद म्हणजे रेडिओला झोपायला जवळजवळ सवडच नाही. ही ओळ सहसा सर्व्हरवर असते आणि तिथूनच फोनला आकडा मिळतो, त्यामुळे बदलही तिथेच करावा लागतो. तयार सेवेचं ॲप वापरत असाल तर हा आकडा अनेकदा दिसतच नाही. तिथे प्रोटोकॉल बदलून बघणं एवढंच हातात राहतं.

परिणाम मोजताना बॅटरीच्या यादीतल्या व्हीपीएनच्या टक्क्यांवर विसंबू नका. फोनचा सगळा डेटा त्याच ॲपमधून जातो, त्यामुळे इतरांच्या वापराचा भारही त्याच्या नावावर चढू शकतो. त्यापेक्षा झोपताना आणि उठल्यावर एकूण टक्के बघा: काही रात्री जुन्या आकड्यावर, काही नव्या आकड्यावर, फोन त्याच जागी ठेवून आणि मोबाइल डेटावरच. वायफायचा रेडिओ पॅकेटनंतर फार लवकर झोपतो, म्हणून तिथे फरक जेमतेमच दिसेल.