रोधकांची अनंत शिडी: ऋण मूळ टाकण्यामागची पार्श्वभूमी

सारख्या रोधकांची अनंत शिडी बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या बहुतेकांनी सोडवलेली असते. वरच्या तारेत R, खाली उतरणारा R, पुन्हा वरच्या तारेत R, आणि असेच पुढे. पहिला टप्पा कापून काढला तरी उरलेली शिडी मूळ शिडीसारखीच राहते. या स्वसाम्यामुळे, पूर्ण शिडीचा रोध x धरला तर x = R + Rx/(R + x). यातून x² − Rx − R² = 0 मिळते आणि मुळे येतात १.६१८R व −०.६१८R. इथे वहीत एक ओळ लिहिली जाते: ‘रोध ऋण नसतो, म्हणून दुसरे मूळ अमान्य.’ उत्तर बरोबर येते, पण ही ओळ अपुरी आहे.

ही शिडी मुळात परीक्षेसाठी जन्मली नाही. १८५० च्या दशकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलमध्ये संदेश पसरट होऊन पोहोचत. त्याचा हिशेब करताना केबल म्हणजे लहान लहान सारख्या तुकड्यांची माळ मानली गेली. तांब्याचा रोध तारेच्या लांबीने, आणि आडवी, वेष्टनातून पाण्याकडे, कपॅसिटरसारखी साठवण व थोडी गळती. संदेश पसरट होत तो या साठवणीमुळे. स्थिर विद्युतधारेपुरते बोलायचे तर साठवण बाजूला राहते आणि ही आपली शिडीच आहे, फक्त दोन्ही रोधक सारखे नाहीत. समजा, दर किलोमीटरला तारेचा रोध r = १० ओहम आणि गळतीचा रोध s = १० लाख ओहम आहे. तर x² − rx − rs = 0, आणि x सुमारे ३,१६७ ओहम येतो. तुकडे जितके बारीक करावेत, तितके उत्तर √(rs) म्हणजे ३,१६२ ओहमकडे सरकते. लांब केबलच्या एका टोकाला बसलेल्या माणसाला दुसरे टोक ‘दिसतच’ नाही, त्याला हाच आकडा दिसतो. पुढे एकाच तारेवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश पाठवण्यासाठी तारघरात रोधक आणि कपॅसिटर यांची कृत्रिम लाइन ठेवून खऱ्या लाइनशी तोल साधू लागले. तेव्हा ‘दूरवर जाणाऱ्या शिडीऐवजी थोड्या टप्प्यांची पेटी चालते का?’ हा प्रश्न कामाचा झाला.

चालते, आणि किती टप्प्यांची ते मोजता येते. R = १ किलोओहम घ्या. एका टप्प्याची शिडी २ किलोओहम, दोन टप्प्यांची ५/३, तीनची १३/८, चारची ३४/२१, पाचची ८९/५५. चार टप्प्यांना १.६१९० किलोओहम, म्हणजे अनंत शिडीच्या उत्तरापासून ०.०६ टक्के दूर. एक टक्का सहनमर्यादेचे रोधक वापरले तर त्यापुढचे टप्पे लावून मीटरवर काहीच कळत नाही. फरक पडतो तो पहिल्या रोधकांचा: तारेतला पहिला R एक टक्क्याने चुकला तर वाचन १० ओहमने हलते, पहिला उभा R चुकला तर ३.८ ओहमने, दुसऱ्या टप्प्यातला तारेतला R चुकला तर जेमतेम १.५ ओहमने. प्रयोग फसला, तर शेवटच्या टप्प्यांकडे पाहू नये, सुरुवातीचे दोन रोधक मोजावेत. वाचन २.७३ किलोओहम येत असेल तर दोष रोधकांत नाही, शिडी वेगळी जोडली गेली आहे. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तारांत R घातले की समीकरण बदलते आणि उत्तर (1 + √3)R होते.

आता त्या ऋण मुळाकडे. एक टप्पा जोडणे म्हणजे जुन्या x वरून नवा x काढणे. जुन्या x मध्ये लहान चूक असेल तर नव्यात ती R²/(R + x)² पट होते. १.६१८R पाशी हा गुणक ०.१४६ आहे, म्हणजे दर टप्प्याला चूक जवळजवळ सातव्या हिश्श्यावर येते. −०.६१८R पाशी तोच गुणक ६.८५ आहे, म्हणजे चूक दर टप्प्याला सातपट होते. शिडीचे दूरचे टोक उघडे ठेवा, शॉर्ट करा की त्यावर कोणताही रोध लावा, उत्तर धन मुळाकडेच येऊन थांबते. ऋण मूळ नाकारले जाते त्याचे खरे कारण हे आहे.

शिवाय ते मूळ निरर्थकही नाही. शिडीच्या मध्येच उभे राहून मागे पाहा. त्या बाजूला पहिला भेटतो तो उभा R, आणि त्याच्याशी समांतर १.६१८R ची उरलेली शिडी. दोघांचे मिळून ०.६१८R. धारेची दिशा उलट मोजल्यामुळे पुढे ऋण चिन्ह लागते, इतकेच. म्हणजे दुसरे मूळ ही उलट दिशेने पाहिलेली तीच शिडी आहे, जिच्यात ऊर्जा दूरच्या टोकाकडून येते आणि विभव दर टप्प्याला २.६१८ पट वाढत जातो. ताळा हवा असेल तर अंकांचे विभवात रूपांतर करणाऱ्या सर्किटांतली आर–टूआर शिडी घ्या: तारेत R, उभा 2R. समीकरण x² − Rx − 2R² = 0, मुळे 2R आणि −R. मागे पाहिल्यास 2R समांतर 2R, म्हणजे बरोबर R. त्या शिडीच्या टोकाला 2R लावतात तो यासाठीच. त्या एका रोधकाने उरलेली अनंत शिडी तंतोतंत पुरी होते.

‘ऋण म्हणून टाका’ हे कारण कुठे तुटते ते १९१५ च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे पुढे आलेल्या शिडीवजा फिल्टरांत दिसते. तिथे तारेत कॉइल, उभा कपॅसिटर. १ मिलीहेन्री आणि १ मायक्रोफॅरड घेतले तर सुमारे १० किलोहर्ट्झच्या खाली तेच स्वसाम्याचे समीकरण सुमारे ३२ ओहमचा खरा रोध दाखवते. (या मर्यादेजवळ, म्हणजे कटऑफजवळ, तो घटतो आणि सोबत कॉइलसारखा भागही येतो.) पण ऊर्जा खाणारा एकही भाग शिडीत नाही, आणि मर्यादित टप्प्यांच्या कोणत्याही शिडीत असा रोध येऊच शकत नाही. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका गाजलेल्या व्याख्यानमालेतून हे उदाहरण जगभर गेले आणि त्यावर पुढेही बराच वाद झाला. गुणकाकडे पाहिले की गाठ सुटते: इथे दोन्ही मुळांपाशी त्याचे मान १ आहे. चूक घटत नाही आणि वाढतही नाही, नुसती फिरत राहते. म्हणून टप्पे वाढवत नेले तरी वाचन एका आकड्यावर स्थिरावत नाही, आणि ‘अनंत शिडीचा रोध’ ही सीमा अस्तित्वातच नसते. स्वसाम्य फक्त एवढेच सांगते की सीमा असलीच तर ती या दोनपैकी एक असेल.

प्रत्येक कॉइलला अर्धा ओहम स्वतःचा रोध दिला की चित्र बदलते. कटऑफपेक्षा बऱ्याच खाली लहर दर टप्प्याला सुमारे ०.८ टक्के क्षीण होते. टोकावरून परतलेली लहर एक टक्क्यावर यायला सुमारे ३०० टप्पे लागतात. रोधकांच्या शिडीला चार पुरले होते.